कोण कोणाच्या गटात?

आयबीएमच्या ७०४ या संगणकासाठी १९५७ साली फोर्ट्रान ही भाषा आली, तेव्हा मेमरी फार महाग आणि फार थोडी असे. आज फोनमधला एक फोटो जेवढी जागा घेतो, तेवढीही त्या यंत्राकडे नव्हती. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणारे एकच जागा दोन-तीन कामांना वापरत. गणिताच्या पहिल्या भागात जी जागा A या नावाने वापरली, तीच पुढे B या नावाने वापरायची, कारण तोवर A ची गरज संपलेली असे. हे यंत्राला सांगायची सोय भाषेतच होती:

```
EQUIVALENCE (A, B), (C, D), (B, D)
```

पहिल्या कंसाचा अर्थ A आणि B एकाच जागी, दुसऱ्याचा अर्थ C आणि D एकाच जागी. तिसरा कंस मात्र जरा थांबून वाचायला हवा. B आणि D एकत्र आले की त्यांच्या मागोमाग A आणि C सुद्धा आले, म्हणजे चारही नावे एकाच जागेची झाली. A आणि C चा एकत्र उल्लेख कुठेही केलेला नाही, तरी ते कंपायलरला कळायला हवे. नावे शेकड्यांनी असतील आणि कंस कुठल्याही क्रमाने येत असतील, तर सगळ्यांचे गट लावायचे कसे?

बर्नार्ड गॅलर आणि मायकेल फिशर यांनी १९६४ साली एका छोट्या लेखात याचे उत्तर दिले. आज ‘युनियन-फाइंड’ म्हणून शिकवली जाते ती रचना त्या लेखातून आली. तिला दोनच कामे येतात. दोन घटकांचे गट एक करणे हे पहिले, आणि दिलेला घटक कोणत्या गटात आहे हे सांगणे हे दुसरे. शहरांना सर्वांत कमी खर्चात तारांनी जोडायची क्रुस्कालची पद्धत याच दोन कामांवर चालते. चित्रातले एकमेकांना चिकटलेले ठिपके ओळखून वस्तू वेगळ्या काढतानाही हीच दोन कामे लागतात. रचना पाच मिनिटांत समजते. ती इतकी वेगवान का, हे कळायला मात्र संशोधकांना अकरा वर्षे लागली, आणि मला त्या रचनेपेक्षा हा ‘का’ जास्त मोलाचा वाटतो.

सरळ मार्ग पाहिला तर प्रत्येक घटकापुढे त्याच्या गटाचा क्रमांक लिहून ठेवता येतो. मग कोण कोणाच्या गटात हे एका नजरेत कळते. पण दोन गट एक करायचे म्हटले की एका गटातल्या प्रत्येकाचा क्रमांक खोडून नवा लिहावा लागतो. दहा लाख घटक असतील आणि दर वेळी मोठ्याच गटाचे क्रमांक बदलायची पाळी आली, तर एकूण खोडाखोड पन्नास हजार कोटींच्या घरात जाते.

गॅलर-फिशर यांनी क्रमांक लिहिणेच सोडून दिले. त्यांच्या रचनेत प्रत्येक घटक फक्त एका दुसऱ्या घटकाकडे बोट दाखवतो. त्याला आपण पालक म्हणू. पालकाचाही पालक असतो, आणि असे वर वर जात शेवटी एक घटक असा येतो जो स्वतःकडेच बोट दाखवतो. तो त्या गटाचे मूळ. गटाची ओळख म्हणजे त्याचे मूळ, म्हणून दोन घटकांचे मूळ एकच निघाले तर ते एका गटात आहेत. गट जोडणे तर याहून सोपे: दोन्हींची मुळे शोधायची आणि एका मुळाला दुसऱ्याच्या हाताखाली द्यायचे. बदल एकाच बोटाचा होतो. गटात लाख घटक असले तरी बाकी कोणाला हात लावावा लागत नाही.

खर्च आता मूळ शोधण्यात गेला. वर चढण्याची वाट किती लांब असेल हे गट कसे जोडले यावर ठरते. १ ला २ खाली दिले, २ ला ३ खाली, ३ ला ४ खाली, असे करत गेलो तर एक लांबलचक साखळी होते. आठ घटकांच्या साखळीत १ चे मूळ शोधायला सात पायऱ्या चढाव्या लागतात आणि दहा लाखांच्या साखळीत ९,९९,९९९. क्रमांक खोडण्याचा त्रास गेला आणि त्याच्या जागी चढण्याचा आला.

साखळी होते कारण मोठा गट लहानाखाली जातो. म्हणून प्रत्येक मुळाला एक रँक द्यायची. सुरुवातीला प्रत्येक जण एकटा आणि प्रत्येकाची रँक ०. दोन मुळे जोडताना कमी रँकचे मूळ जास्त रँकच्या खाली जाते, आणि रँक कोणाचीच बदलत नाही. दोघांची रँक सारखी असेल तर कोणीही कोणाखाली जावे, पण जो वर राहिला त्याची रँक एकाने वाढते.

आठ घटकांवर करून पाहू. आधी १-२, ३-४, ५-६, ७-८ या जोड्या लावल्या आणि प्रत्येक वेळी पहिल्याला वर ठेवले. आता १, ३, ५, ७ या चार मुळांची रँक १ झाली. मग ३ ला १ खाली दिले आणि ७ ला ५ खाली. १ आणि ५ ची रँक २ झाली. शेवटी ५ ला १ खाली दिले, तेव्हा १ ची रँक ३ झाली. आता सर्वांत लांबची वाट ८ ची आहे: ८ वरून ७, ७ वरून ५, ५ वरून १. सातऐवजी तीनच पायऱ्या.

यातली मोजणी नीट पाहण्यासारखी आहे. रँक १ मिळवायला रँक ० ची दोन मुळे लागली, म्हणजे किमान दोन घटक. रँक २ ला रँक १ ची दोन मुळे, म्हणजे किमान चार घटक. रँक ३ ला आठ. प्रत्येक वाढीला घटकांची संख्या दुप्पट लागते. दहा लाख घटकांत रँक २० कोणालाच मिळू शकत नाही, कारण त्यासाठी १०,४८,५७६ घटक हवेत. रँक १९ च्या वर कोणी जात नाही, म्हणून कोणतीही वाट १९ पायऱ्यांहून लांब नसते. दहा लाखांवरून एकोणीसवर येणे ही मोठी मजल आहे आणि बहुतेक कामांना ती पुरते. तरी घटक वाढले की हा आकडा, हळू का होईना, वाढतोच.

दुसरी युक्ती शोधाच्या वेळची आहे, आणि तिला पाथ कॉम्प्रेशन म्हणतात. ८ चे मूळ शोधताना आपण ७ आणि ५ वरून चढून १ पर्यंत पोचलो. उत्तर हाती आले आहेच, तर परतताना वाटेतल्या सगळ्यांना सांगून टाकायचे की आता थेट १ कडे बोट दाखवा. ८ आणि ७ दोघेही १ खाली येतात, ५ तिथे आधीच आहे. पुढच्या वेळी ८ चे मूळ एका पायरीत सापडेल आणि ७ चेही. ६ च्या वाटेवरून मात्र आपण गेलो नाही, म्हणून ६ अजून ५ मार्गेच जातो. रचना सगळ्यांच्या वाटा सुधारत बसत नाही. ज्या वाटेने जाणे झाले तेवढीच सुधारते.

आता सर्वांत लांबची वाट दोन पायऱ्यांची आहे, पण १ ची रँक ३ च राहिली. ती आपण कमी करत नाही. म्हणूनच तिला उंची म्हणत नाहीत. उंची घटू शकते. रँक ही पूर्वी कधीतरी कमावलेली गोष्ट आहे, ती घटत नाही. पुढचा सगळा युक्तिवाद या न घटण्यावर उभा आहे.

प्रत्यक्ष प्रोग्रॅम एवढाच:

```
def find(x):
    r = x
    while p[r] != r:
        r = p[r]
    while p[x] != r:
        p[x], x = r, p[x]
    return r

def union(a, b):
    a, b = find(a), find(b)
    if a == b:
        return False
    if rank[a] < rank[b]:
        a, b = b, a
    p[b] = a
    if rank[a] == rank[b]:
        rank[a] += 1
    return True
```

`p` मध्ये प्रत्येकाचा पालक लिहिलेला असतो. `find` मधला पहिला फेरा मुळापर्यंत चढतो आणि दुसरा फेरा वाटेतल्यांची बोटे मुळाकडे वळवतो. `union` मध्ये रँक पाहून कोण कोणाखाली ते ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नुसती रँक वापरली तर वाट १९ पर्यंत जाऊ शकते. नुसते कॉम्प्रेशन वापरले, तरी वाईट क्रमाने कामे आली तर सरासरी खर्च घटकांच्या लॉगरिथमच्या प्रमाणात वाढू शकतो. मग दोन्ही एकत्र आल्यावर असे काय होते? जॉन हॉपक्रॉफ्ट आणि जेफ्री उलमन यांनी १९७३ मध्ये याचे जे उत्तर दिले, ते कागद-पेन्सिल घेऊन बसले तर कोणालाही समजेल असे आहे. त्यांची वाट धरूनच आपण आपल्या दहा लाख घटकांचा हिशोब करू.

त्यासाठी रँकबद्दल तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली: कोणत्याही घटकाच्या पालकाची रँक त्याच्या स्वतःच्या रँकपेक्षा जास्तच असते. दुसरी: एकदा का घटक कोणाच्या खाली गेला की त्याची रँक कायमची गोठते, कारण रँक फक्त मुळांचीच वाढते. तिसरी: मोठ्या रँकचे घटक थोडे असतात. एखादे मूळ रँक ३ ला पोचते तेव्हा त्याच्या गटात किमान आठ जण असतात. त्या आठांवर पुढे जी नवी मुळे येतील त्यांची रँक ३ हून मोठीच असणार, म्हणजे तेच आठ जण रँक ३ च्या दुसऱ्या कोणाच्या नावे पुन्हा मोजले जात नाहीत. म्हणून दहा लाखांत रँक ३ चे घटक सव्वा लाखाहून अधिक असू शकत नाहीत, रँक ४ चे साडेबासष्ट हजारांहून अधिक नाहीत, आणि असेच निम्मे निम्मे होत जाते.

आता रँकचे पट्टे पाडू: ०, १, २, ३ ते ४, ५ ते १६, १७ ते ६५,५३६. पट्ट्यांच्या टोकांवरचे आकडे पाहा: १, २, ४, १६, ६५,५३६. प्रत्येक आकडा म्हणजे दोनाचा, आधीच्या आकड्याएवढा घात. दोनाचा चौथा घात १६, दोनाचा सोळावा घात ६५,५३६. पट्टे असे झपाट्याने रुंद होत जाणारे का घेतले, ते लवकरच कळेल.

शोधाचा खर्च म्हणजे चढलेल्या पायऱ्या. दुकानाच्या वहीत जसा प्रत्येक खर्च कोणाच्या तरी नावे पडतो, तशी प्रत्येक पायरी आपण कोणाच्या तरी नावे टाकू. घटकाचा पालक वेगळ्या पट्ट्यात असेल किंवा पालक हेच मूळ असेल, तर ती पायरी त्या शोधाच्या नावे. पालक त्याच पट्ट्यात असेल आणि मूळ नसेल, तर ती पायरी त्या घटकाच्या स्वतःच्या नावे.

शोधाच्या नावे किती पडेल हे लगेच दिसते. पट्टे सहा, म्हणजे वर चढताना पट्टा बदलणे पाचदाच शक्य. शेवटची मुळापाशी नेणारी एक धरली तर सहा. वाट कितीही लांब असो, शोधाच्या नावे सहाच्या वर काही पडत नाही.

घटकांच्या नावे पडणाऱ्या पायऱ्या हा खरा कठीण भाग, आणि युक्तिवादाचे सगळे सौंदर्य इथे आहे. घटकाच्या नावे पायरी पडली म्हणजे त्याचा पालक मूळ नव्हता. शोध संपल्यावर कॉम्प्रेशनमुळे त्या घटकाला नवा पालक मिळतो, तो म्हणजे मूळ, आणि मुळाची रँक जुन्या पालकाच्या रँकपेक्षा नक्की मोठी. म्हणजे घटकाने एक पायरी सोसली की त्याच्या पालकाची रँक किमान एकाने वाढते. असे होता होता एक दिवस त्याचा पालक वरच्या पट्ट्यात जातो. तो पुन्हा खाली येत नाही, कारण पुढचे पालकही आणखी मोठ्या रँकचेच असणार. त्यानंतर त्या घटकाच्या नावे कधीच काही पडत नाही, शोध आणखी कोटी वेळा झाला तरी.

आता दहा लाख घटकांची वही उघडू. ०, १ आणि २ हे पट्टे एकाच रँकचे आहेत. पालक जास्त रँकचा असल्यामुळे तो वेगळ्या पट्ट्यातच असतो, म्हणून इथे घटकांच्या नावे शून्य. घटकांतले बहुसंख्य याच तीन पट्ट्यांत असतात हे विसरू नका. ३ ते ४ च्या पट्ट्यात फक्त रँक ३ च्या घटकांचा पालक त्याच पट्ट्यात असू शकतो, आणि तोही रँक ४ चा, म्हणून प्रत्येकी फार तर एक पायरी: एकूण सव्वा लाखाच्या आत. ५ ते १६ च्या पट्ट्यात सगळे मिळून साडेबासष्ट हजारांहून कमी घटक असतात. पालकाची रँक ६ पासून १६ पर्यंत एकेकाने चढली असे धरले तरी प्रत्येकी फार तर अकरा पायऱ्या: एकूण सात लाखांच्या आत. शेवटच्या पट्ट्यात १७, १८, १९ एवढ्याच रँक शक्य आहेत, आणि त्या रँकचे घटक फार तर सात, तीन आणि एक. अकरा जणांचा तो खर्च सोडून द्यावा असाच आहे.

बेरीज साडेआठ लाखांच्याही आत. घटक दहा लाख आहेत आणि साऱ्या आयुष्यात त्या सगळ्यांच्या नावे मिळून पडणाऱ्या पायऱ्या दहा लाखांहून कमी. शोध एक कोटी केले तर एकूण पायऱ्या फार तर सहा कोटी साडेआठ लाख. आणि ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात बहुतेक शोध एका-दोन पायऱ्यांत संपतात.

पट्ट्यांच्या रुंदीचा अर्थ आता लागतो. पट्टा जितका रुंद, तितक्या जास्त वेळा एका घटकाला पायरी सोसावी लागेल. पण वरच्या पट्ट्यात घटक तितकेच विरळ असतात. सोळाच्या वरच्या रँकचे घटक एकूण घटकांच्या ६५,५३६ व्या हिश्श्याहूनही कमी, आणि त्या पट्ट्यात एका घटकाला फार तर ६५,५३६ पायऱ्या. गुणाकार केला की एकूण घटकांएवढाच आकडा उरतो. प्रत्येक पट्ट्याचा खर्च घटकांच्या संख्येपुढे जाऊ नये एवढ्या बेताने तो रुंद केलेला आहे. विरळपणा रँकमुळे आला, वर सरकणे कॉम्प्रेशनमुळे आले. दोन्ही एकत्र लागतात ते या गुणाकारासाठी.

सहावा पट्टा ६५,५३६ ला संपतो. सातवा लागायला कोणाची तरी रँक त्याहून मोठी हवी, म्हणजे घटकांची संख्या दोनाच्या ६५,५३६ व्या घातापलीकडे जायला हवी. तो आकडा लिहायला १९,७२९ अंक लागतात. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या साधारण ८० अंकांत मावते असा अंदाज आहे. म्हणून व्यवहारात सहा पट्टे म्हणजे कायमचेच सहा. गणितात मात्र पट्ट्यांची संख्या घटकांबरोबर वाढते, फक्त कल्पनेपलीकडच्या संथपणे.

रॉबर्ट टार्जन यांना यातही ढिलाई दिसली. वरच्या हिशोबात आपण धरले की एका पायरीनंतर पालकाची रँक ‘किमान एकाने’ वाढते. खरे तर लांब वाट आखूड होते तेव्हा खालच्या घटकांचे पालक एकदम कितीतरी वर उडी घेतात. वाटेवर दहा जण असतील तर सर्वांत खालचा घटक मधल्या सगळ्यांना ओलांडून जातो. टार्जन यांनी ही उडी वेगवेगळ्या मापांनी मोजली. पालकाची रँक घटकापेक्षा थोडी वर आहे, की दुपटीने वर आहे, की घाताच्या प्रमाणात वर आहे, की घातांवर घात रचून मिळणाऱ्या आकड्याएवढी वर आहे? एका मापातल्या काही पायऱ्या सोसल्या की घटक पुढच्या, अधिक मोठ्या मापात जातो. बेरीज पुन्हा पुन्हा केली की गुणाकार, गुणाकार पुन्हा पुन्हा केला की घात, घात पुन्हा पुन्हा घेतला की घातांचा मनोरा, आणि तिथेही न थांबता पुढे. या चढत्या क्रियांना एका सूत्रात बांधणारे फल विल्हेल्म आकरमन यांनी १९२८ मध्ये मांडले होते. टार्जन यांच्या १९७५ च्या निबंधात खर्चाचे माप म्हणून त्याचेच उलटे फल आले. त्याला अल्फा म्हणतात. कोणत्याही कल्पनीय संख्येसाठी त्याची किंमत ४ च्या वर जात नाही.

त्या निबंधाच्या शीर्षकातच टार्जन यांनी या पद्धतीला ‘चांगली, पण रेषीय नाही’ असे म्हटले आहे. ज्याला पहिल्यांदा हा विषय भेटतो त्याला वाटते की हा अल्फा म्हणजे सिद्धतेतली अडचण असावी, कोणी हुशार माणूस पुढे येईल आणि तो काढून टाकील. तसे झाले नाही. टार्जन यांनी त्याच निबंधात दाखवले की कामांचा क्रम मुद्दाम वाईट निवडला तर या पद्धतीला खरोखरच अल्फाएवढा खर्च पडतो. १९७९ मध्ये त्यांनी हे अशा प्रकारे बोटे दाखवत चालणाऱ्या पद्धतींच्या मोठ्या वर्गासाठी सिद्ध केले. १९८९ मध्ये मायकेल फ्रेडमन आणि मायकेल सॅक्स यांनी त्याहून पुढे जाऊन दाखवले की घटकांची माहिती मेमरीत कशीही ठेवली तरी या दोन कामांना एवढा खर्च पडणारच. म्हणजे प्रत्येक कामाला ठरावीक वेळ, अशी पद्धत या प्रश्नाला शक्यच नाही. एक खास प्रसंग मात्र सुटतो. कोणते गट कोणाला जोडले जाणार हा आराखडा आधीच माहीत असेल, तर हॅरॉल्ड गॅबो आणि टार्जन यांनी १९८५ मध्ये दिलेली पद्धत अल्फाही काढून टाकते.

वापरताना काही गोष्टी जपाव्या लागतात. जो ‘जवळजवळ ठरावीक’ वेळ आपण मोजला, तो सरासरीचा आहे. एखादा एकटा शोध दहा लाख घटकांत १९ पायऱ्या घेऊ शकतो. त्याचा खर्च इतर शोधांनी भरून काढलेला असतो. प्रत्येक उत्तर ठरल्या क्षणी हवे, अशा यंत्रणेत हा फरक विसरून चालत नाही.

प्रोग्रॅम लिहिताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मुळे न शोधता थेट घटकांनाच जोडणे, म्हणजे `union` मध्ये `find` न करता `p[b] = a` लिहिणे. b स्वतः मूळ असेल तोवर सगळे ठीक चालते, म्हणून छोट्या चाचण्यांत चूक सापडत नाही. b मूळ नसेल त्या दिवशी तो आपल्या जुन्या गटातून तुटून निघतो, त्याच्या खालच्यांना घेऊन जातो, आणि बाकीचे मागे राहतात. याच्या जोडीची चूक म्हणजे दोघे एका गटात आहेत का हे `p[a] == p[b]` असे तपासणे. पालक वेगळे असूनही मूळ एक असू शकते, त्यामुळे एकाच गटातले दोघे वेगळे ठरतात. दोन्ही चुका पकडायला एक आकडा पुरतो. सुरुवातीला जेवढे घटक तेवढे गट, आणि `union` ने दर वेळी खरोखर दोन गट जोडले की गटांची संख्या बरोबर एकाने कमी व्हायला हवी. तो आकडा वेगळा मोजत राहावे. नंतर `find` ने सगळ्या घटकांची मुळे काढावीत आणि वेगवेगळी किती निघतात ते पाहावे. दोन्ही आकडे जुळले नाहीत, किंवा ज्यांना आपण जोडले अशा एखाद्या जोडीची मुळे वेगळी निघाली, तर कुठेतरी कोणी चुकीच्या ठिकाणी जोडला गेला आहे.

वेळ बिघडली असेल तर ती वेगळी ओळखावी लागते. उत्तरे बरोबर येतात, पण काम रेंगाळते. अशा वेळी `find` मधला पहिला फेरा किती वेळा फिरला त्याची सरासरी छापून पाहावी. ती एक-दोनच्या आसपास न राहता घटकांबरोबर वाढत असेल, तर बहुधा रँकची तुलना उलटी झालेली असते किंवा बोटे वळवणारा दुसरा फेरा राहून गेलेला असतो. `find` स्वतःलाच बोलावत चढते असा लिहिला असेल आणि रँक वापरली नसेल, तर लांब साखळीवर प्रोग्रॅम मध्येच कोसळतो. वर दिलेला प्रोग्रॅम फेऱ्यांनी चालतो तो म्हणूनच.

गट तोडणे मात्र या रचनेला येत नाही. एकदा जोडलेले दोन गट पुन्हा वेगळे करा म्हटले, तर आखूड झालेल्या वाटांमधून पूर्वी कोण कोणामार्गे जात होते हे काढता येत नाही. ती माहिती कॉम्प्रेशनने पुसून टाकलेली असते. शेवटची जोडणी मागे घेण्याची गरज असेल, तर कॉम्प्रेशन सोडून द्यायचे आणि नुसती रँक ठेवायची. प्रत्येक जोडणीत एकच बोट बदलते आणि फार तर एक रँक, तेवढे एका यादीत लिहून ठेवले की उलट क्रमाने सोडवत मागे येता येते. मग शोधाला पुन्हा १९ पायऱ्यांपर्यंत लागू शकतात, आणि मागे फिरता येण्याची किंमत म्हणून त्या द्याव्या लागतात.